सोडता येत नाही असा माणूस

सयाजी कुंडलचा. लढाईच्या काळात लष्करी इस्पितळात तो तीन वर्षं एकच शास्त्र शिकला: मोडलेला पाय, लुळा पडलेला खांदा पुन्हा कामाला कसा लावायचा. त्या शास्त्राचं नाव फिजिओथेरपी. १९४७ साली आमच्या सांगलीच्या इस्पितळात ते कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून पगारपत्रकात मीच त्याच्या नावापुढे 'मालिशवाला' लिहिलं. मी तिथला हेडक्लार्क, विष्णुपंत. माणसाला भलतं नाव चिकटवायला आम्हा कारकुनांना कितीसा वेळ लागतो?

आमचे मोठे डॉक्टर, म्हणजे आमचे साहेब, शस्त्रक्रियेत एक नंबर, हे मी कबूल करतो. पण टाके काढले की रोगी संपला, असा त्यांचा खाक्या. सयाजीला ते रोज सकाळी घरी बोलवत, वडिलांचे गुडघे चोळायला. तो मुकाट्याने जाई. मला भयंकर चीड येई, डॉक्टरांची आणि त्याहून जास्त त्याच्या मुकाटपणाची.

मग विलायतेहून पत्र आलं. लष्करातला त्याचा कॅप्टन आता तिकडे, खाणीत जखमी झालेल्या मजुरांच्या पुनर्वसन केंद्रात होता. जागा रिकामी आहे, अर्ज कर, पण वरिष्ठांमार्फत. त्यांच्या शेऱ्याशिवाय अर्ज घेणार नाहीत. जेवणाच्या सुट्टीत सयाजी ते पत्र घेऊन माझ्या टेबलापाशी आला.

"पंत, हितं ऱ्हायलो तर शिकल्यालं समदं इसरंन मी. तेवढा अर्ज लिवून द्या."

स्वतः लिहिलेला एक कागदही त्याने पुढे केला. 'मी मालिशकाम जाणतो, कृपा करून नोकरी द्यावी.' बस्स! मी कपाळाला हात लावला.

"अरे, हा अर्ज आहे की भीक? गेल्या वर्षात काय काय केलंस ते सांग."

"काय सांगू? आष्ट्याच्या चंद्राबाईचं कोपर मोडलं व्हतं. सायेब म्हनलं, तेल लावून चोळ. मी न्हाई चोळलं. मोडल्यालं कोपर चोळलं, वढलं, तर आत नवं हाड धरतं आन् हात कायमचा आकडतो. तिलाच हळूहळू वाकवाया लावलं. आता भाकऱ्या थापती."

"आणि हे साहेबांना ठाऊक आहे?"

"न्हाई. कशाला सांगतोय?"

मी टंकयंत्र पुढे ओढलं. चार दुपारी तो सांगत होता आणि मी इंग्रजीत बडवत होतो. अर्जात असं उतरलं: 'मांडीचं हाड मोडलेल्या अकरा रोग्यांचे आखडलेले गुडघे मी व्यायामाने सोडवले, गुडघा किती अंशात वाकतो ते दर आठवड्याला मोजून ठेवलं आहे. चालायला शिकवण्यासाठी वॉर्डाच्या पडवीत बांबूचे दोन समांतर कठडे स्वतः बांधले. पाय कापलेल्या माणसाची मांडी आखडू नये म्हणून त्याला रोज काही वेळ पालथं निजवतो. आपल्या केंद्रात मला अजून शिकायचं आहे.' शब्द न् शब्द खरा. खाली सयाजीने सही केली. असा अर्ज उभ्या सांगलीत कुणी टाइप केला नसेल, अशा तोऱ्यात मी तो साहेबांपुढे ठेवला.

त्यांनी तो दोनदा वाचला. मग सयाजीला बोलावून त्याच्या पाठीवर थाप मारली.

"अरे, एवढं सगळं तू करतोस? मला कुणी बोललं नाही! मला वाटायचं, माझे रोगी माझ्या हातगुणानेच चालतात."

आम्ही दोघेही हसलो. मूर्ख कुठले! साहेबांनी पेन उघडलं आणि समासात शेरा मारला: 'मजकूर सत्य आहे. अर्जदार अत्यंत कुशल. इस्पितळाची गरज पाहता यांना सोडता येत नाही. पुढे रवाना.'

बाहेर आल्यावर सयाजीने माझ्याकडून शेरा वाचून घेतला. मग तो वॉर्डात कामाला गेला. शेरा खोडायचा अधिकार मला नव्हता. पत्रकातला हुद्दा तेवढा बदलून मी 'फिजिओथेरपिस्ट' केला. दुसऱ्या सकाळी साहेबांच्या घरून निरोप आला, फिजिओथेरपिस्टला गुडघे चोळायला पाठवा.

अडीच महिन्यांनी उत्तर आलं. केंद्राला अर्ज फार आवडला होता. इस्पितळ सोडत असेल तर सयाजीला लगेच घेतो, तारीख कळवा. मी धावतच ते साहेबांकडे नेलं. वाटलं, आता तरी लाजेकाजेस्तव सोडतील.

"पाहिलंत पंत?" साहेब खूश होऊन म्हणाले. "विलायतेतूनही मागणी आहे. असा माणूस सोडायचा म्हणजे वेडेपणाच की!"

सयाजी पडवीत एका म्हाताऱ्याला कठड्यांमधून चालवत होता. मी सांगितलं, तेव्हा त्याने म्हाताऱ्याची काख सोडली नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. माझ्या इंग्रजीची मला त्या दिवशी जेवढी लाज वाटली, तेवढी जन्मात वाटली नव्हती.

"त्यांना काय कळवू, सयाजी?"

"लिवा, सोडत न्हाईत."

"आणि कारण?"

"काम चांगलं करतो म्हनून," सयाजी म्हणाला, आणि म्हाताऱ्याला पुढचं पाऊल टाकायला सांगितलं.