निष्काळजीपणाचा खण

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मला नोकरी लागली ती माझ्या इंग्रजीमुळे. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली मुलगी आहे, रिपोर्ट नीट टाइप करील, एवढाच विचार असावा. मी बोलत नसे हे त्यांना आणखी सोयीचं वाटलं असणार. ऑफिसात आम्ही तिघंच: वर्क्स मॅनेजर काचेच्या केबिनमध्ये, बाहेर हेडक्लार्क, आणि खिडकीशी मी. खिडकीतून शॉप, म्हणजे ओतकामाची शेड, दिसायचा. दुपारी भट्टी फोडून लोखंड बाहेर सोडलं की काच तापायची.

कारखान्यात काही घडलं, म्हणजे कुणी भाजलं, साखळी तुटली, साचा फुटला, की शिफ्टचा सुपरवायझर रिपोर्ट लिहायचा. मी तो टाइप करून नंबर घालायची आणि बॉक्सफाइलीत ठेवायची. त्याबरोबर एक कार्ड करायचं, तेही इंग्रजीतच. कार्डावर वर शीर्षक, खाली एका ओळीत काय घडलं ते, आणि कोपऱ्यात रिपोर्टचा नंबर. कार्ड शीर्षकाच्या पहिल्या शब्दाप्रमाणे लाकडी खणात, त्या शब्दाच्या पट्टीमागे लागायचं. पुढे कधी काही शोधायचं झालं तर खण उघडायचा, शब्द बघायचा, नंबर घ्यायचा आणि फाइल काढायची. व्यवस्था चांगली होती. कुणीतरी विचार करून लावली असावी. नंतरच्या माणसांनी विचार सोडून दिला होता.

कारण शीर्षक आधी यायचं आणि रिपोर्ट मागून. सुपरवायझर शॉपमधूनच ओरडून सांगायचा, "बाई, केअरलेसनेस घाला!" मग तो जेवायला जायचा आणि रिपोर्ट दुसऱ्या दिवशी लिहायचा. हेड ऑफिसला रोज एक तक्ता जात असे, त्यात एका शब्दापुरता रकाना होता. त्या रकान्यात 'केअरलेसनेस' गेलं की वरून कुणी काही विचारत नसे. म्हणून त्या शब्दाच्या पट्टीमागे कार्डं मावत नव्हती. 'क्रेन'च्या मागे तुरळक, 'लॅडल'च्या मागे एकही नाही.

लॅडल म्हणजे भट्टीतून वितळलेलं लोखंड घेऊन साच्यापर्यंत न्यायची बादली. तिला आतून मातीचं अस्तर असतं. अस्तर नवं केलं की ते बर्नर लावून पक्कं वाळवावं लागतं. आत ओल राहिली आणि वर लोखंड पडलं, तर त्या ओलीची वाफ होते आणि लोखंड उसळून बाहेर येतं. ऑफिसात बसून मला यातलं काही माहीत असायचं कारण नव्हतं. रिपोर्ट वाचून वाचून कळलं.

त्या दिवशी खिडकीतून मला एकदम पांढरा उजेड दिसला आणि मग आरडाओरडा. लॅडलचा दांडा धरणाऱ्या दोघांतल्या एकाच्या पायावर लोखंड उडालं होतं. गडहिंग्लजकडचा माणूस, लग्न नुकतंच झालेलं. बूट कापून काढावा लागला. त्याला जीपमधून दवाखान्यात नेलं, आणि जीप फाटकाबाहेर पडायच्या आधी सुपरवायझर माझ्या टेबलाशी उभा होता.

"केअरलेसनेस ऑफ वर्कर. घाला."

"काय झालं पण?" मी विचारलं.

"काय झालं म्हंजे? लॅडल बघून भरायची नसती व्हय? घाला तुमी."

मी घातलं. तक्ता गेला. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला, त्याच शीर्षकाचा, मॅनेजरच्या सहीचा. आणि आठवड्याच्या आत त्या माणसाला चार्जशीट. अस्तर न तपासता लॅडल वापरली, स्वतःला आणि दुसऱ्याला धोका निर्माण केला, चौकशी होईपर्यंत निलंबित. चौकशीत आरोप ठरला की नोकरी जाणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. जळलेला पाय घेऊन त्याला दुसऱ्या कुठल्या फाउंड्रीत कोण ठेवून घेणार होतं?

चौकशीसाठी बाहेरचा एक वकील नेमला होता. मॅनेजरनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"लॅडलचा असा प्रकार पूर्वी कधी झालाय का, बघून एक नोट द्या. नसणारच. तसं लिहा."

मी खण उघडला. लॅडल, काही नाही. अस्तर, काही नाही. नोट टाइप करायला कागद चढवला, तेवढ्यात हेडक्लार्क पान लावता लावता म्हणाले, "काय शोधायलाय?"

मी सांगितलं.

"पयल्यांदा कुठलं? गेल्या दिवाळीच्या आधी बी उडालतं की. त्या उंच पोराचा हात भाजलता."

"मग कार्ड कुठं आहे?"

"आता ते मला काय म्हाईत? असंल कुठंतरी."

असेल कुठंतरी. मला त्यांचा राग आला नाही, त्या उत्तराचा आला. मी कागद मशीनमधून काढून घेतला.

मग रोज काम संपल्यावर बस येईपर्यंत मी कार्डं वाचत बसले. नुसती कार्डं वाचून काही कळत नव्हतं. 'केअरलेसनेस – उपचार करून घरी पाठविले.' 'किरकोळ अपघात – पुन्हा कामावर.' यातून कुणाला काय कळणार? कुणाला, कशाने, कुठे, काहीच नाही. प्रत्येकाचा नंबर घेऊन रिपोर्ट काढावा लागला. त्या उंच पोराचा रिपोर्ट 'केअरलेसनेस'मध्ये होता. दुसरा 'मायनर'मध्ये, कारण शीर्षक 'मायनर अ‍ॅक्सिडेंट'. तिसरा 'बर्न'मध्ये. तिन्ही रिपोर्टांत आत, मधल्या कुठल्यातरी परिच्छेदात, एकच गोष्ट लिहिलेली: अस्तर नवं होतं, बर्नर बंद होता, लाकडं पेटवून वाळवलं होतं. आणखी एक तसाच वाटला, पण त्यात अस्तराबद्दल अक्षरही नव्हतं. तो मी बाजूला ठेवला. ओढूनताणून घालायचं असतं तर माझ्यात आणि सुपरवायझरमध्ये फरक काय राहिला असता?

तीन वेळा तेच घडलं होतं आणि कारखान्याला ते माहीत नव्हतं. माहीत नव्हतं असंही नाही, सुपरवायझरांनी ते स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. पण ज्या शब्दाने कुणी शोधायला जाईल तो शब्द शीर्षकात नव्हता. तिथे होता तो निकाल. काय घडलं हे सांगायच्या आधीच कुणाचं चुकलं ते सांगून मोकळे. मी इतकी संतापले होते की रात्री जेवताना आईने विचारलं, कुणाशी भांडलीस का? मी कुणाशीच भांडत नसे. नाही म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी नवी कार्डं टाइप केली. 'लॅडल: ओल्या अस्तरामुळे लोखंड उसळले.' खाली एक ओळ: 'अस्तर नवे, बर्नर बंद, लाकडांवर वाळवले, भरताना एकाचा हात भाजला.' जुनी कार्डं काढली नाहीत. जुन्या शीर्षकाने कुणी शोधत आला तर सापडावं म्हणून त्यांच्यावर फक्त लिहिलं: 'लॅडल पाहा.'

हेडक्लार्कनी एक कार्ड उचलून वाचलं आणि हसले. "एवढं लांबलचक? अपघाताचं बारसं करायलाय काय?"

"हो," मी म्हटलं. ते बघतच राहिले.

चौथं कार्ड त्या माणसाचं. तिथे मी 'ओले अस्तर' लिहिलं नाही, कारण ते अजून ठरलं नव्हतं. 'लॅडल: भरताना लोखंड उसळले, एकाचा पाय भाजला. अस्तर आदल्या दिवशीचे. वाळवल्याची नोंद नाही.' एवढंच, जेवढं मला माहीत होतं तेवढं. मग तिन्ही जुन्या रिपोर्टांचे नंबर घालून नोट टाइप केली, आणि ती व चारही कार्डं घेऊन मी केबिनमध्ये गेले.

मॅनेजरनी वाचलं. चष्मा काढला.

"तुम्हाला टायपिस्ट म्हणून घेतलंय की फॅक्टरी इन्स्पेक्टर म्हणून?"

त्यांनी वरचं कार्ड माझ्यापुढे सरकवलं.

"त्या शीर्षकावर मी सही केलीय. ते बदलणाऱ्या तुम्ही कोण?"

"बदललं नाही, सर. पण त्यात काय झालं ते नाही."

"काय झालं ते रिपोर्टात आहे!"

"रिपोर्टापर्यंत कुणी पोचलं तर. मी लॅडल म्हणून शोधलं, तर काहीच नाही मिळालं. तुम्ही म्हणालात तसं लिहून दिलं असतं तर ते खोटं झालं असतं."

माझा आवाज काचेबाहेर गेला असावा. शॉपमधली दोन माणसं वर बघत होती. तरी मी उभी राहिले. ते म्हणाले, "ठेवा आणि जा." मी ठेवलं. पण नोटेची कार्बन प्रत फाइलीत होती, आणि चौकशीच्या वकिलाने ती फाइल मागितली तेव्हा मी ती तशीच नेऊन दिली.

वकील म्हातारा होता, सावकाश वाचायचा. तीन जुने रिपोर्ट त्याने शेजारी शेजारी मांडले आणि सुपरवायझरला एकच विचारलं, "लॅडल वाळवायचं काम याचं होतं?" ते त्याचं नव्हतं. ते आदल्या शिफ्टचं होतं, आणि बर्नर दुरुस्तीला म्हणून कधीचा कोपऱ्यात पडून होता. चार्जशीट मागे घेतलं. बर्नर दोन दिवसांत दुरुस्त झाला. दोन दिवसांत! मला आजही ते आठवलं की दात आवळले जातात.

पाय बरा झाल्यावर तो माणूस कामावर आला. हलकं काम दिलं होतं, स्टोअरमध्ये. एके दुपारी तो माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. आभार मानायला आला असेल असं मला वाटलं, आणि आता काय बोलायचं या विचाराने मी आधीच अवघडले.

"बाई, ती माझी चिठ्ठी कुठं हाय?"

मी खण उघडून 'लॅडल'मागचं कार्ड दाखवलं. त्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं. मी मराठीत सांगितलं. त्यात त्याचं नाव नाही हेही सांगितलं.

"ही न्हवं. आधीची. केअरलेसवाली."

ती होती. मूळ रिपोर्टावर मॅनेजरची सही होती, आणि शीर्षक दुरुस्त करून त्यावर पुन्हा सही करायला त्यांनी नकार दिला होता. मी त्याला समजावलं: कागद फाडता येत नाही, पण कार्डावर 'लॅडल पाहा' लिहिलंय, आरोप मागे घेतल्याचंही लिहिलंय, जो कुणी शोधेल त्याला खरं काय ते सापडेल.

तो ऐकत होता. मग म्हणाला, "म्हंजे मी अजून त्या खणातच हाय."

"तुम्ही नाही. कागद."

"कागदावर नाव माझंच हाय की, बाई."

सगळं नियमाने केलं होतं, बरोबर केलं होतं, आणि तरी त्याचं नाव त्याच शीर्षकाखाली होतं. तो लंगडत स्टोअरकडे गेला. मी मूळ रिपोर्ट फाइलीतून काढला, वरच्या शीर्षकावर पेन्सिलीने नाही, शाईने एक रेघ मारली, शेजारी खरं शीर्षक लिहिलं आणि खाली माझी सही केली, पूर्ण नावाने, तारखेसह. मग तो कागद घेऊन केबिनचं दार न वाजवता आत गेले आणि मॅनेजरच्या समोर सहीसाठी ठेवला.