विटांत वळते

कर्जतला चार फाट्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर सिमेंट, सळई आणि टाइल्सचं एक मोठं दुकान आहे. कळंबच्या बाजूला फार्महाऊस बांधणारे सगळे तिथूनच माल उचलतात. बी.कॉम. झाल्यावर माझी पहिली नोकरी तिथली. पोशीरहून मी येऊन-जाऊन करायचे.

शेठना एकाच माणसाच्या हातात सगळा हिशोब द्यायचा नसे. म्हणून गिऱ्हाइकांची खाती माझ्याकडे, कोणाकडून किती येणं आहे ते. माल देणाऱ्या व्यापाऱ्यांची खाती शेठच्या पुतण्याकडे, कोणाला किती देणं आहे ते. मुख्य हिशोब कॉम्प्युटरवर, आणि तो मोठ्या अकाउंटंटकडे. आम्ही त्यांना काका म्हणायचो. त्यांच्याकडे एकेका गिऱ्हाइकाचं खातं नव्हतं. सगळ्या येण्याचं मिळून एकच खातं, आणि सगळ्या देण्याचं एक. त्यांना ते कंट्रोल खातं म्हणत. उधारीच्या विक्रीची महिन्याची बेरीज त्यात चढायची, वसुलीची आणि परत आलेल्या मालाची बेरीज वजा व्हायची. शेवटी जी शिल्लक उरे, तीच माझ्या वहीतल्या सगळ्या गिऱ्हाइकांच्या शिल्लकांची बेरीज यायला हवी. नाही आली की कुठेतरी चूक.

पहिल्याच महिन्यात माझी यादी सत्तावीसशेंनी जास्त आली. काकांनी वही माझ्यासमोर टेबलावर आपटली. "नऊनं भाग जातो का बघ. जातो ना? मग आकडे उलटे लिहिलेत. शोध." खरंच होतं. पाच हजार आठशेच्या शिल्लकेऐवजी मी यादीत आठ हजार पाचशे लिहिले होते. पुढच्या वेळी फरक आला तर त्याच्या निम्म्याची नोंद शोधायची, रक्कम चुकीच्या बाजूला पडलेली असते, हेही त्यांनीच शिकवलं, तेही सगळ्यांदेखत माझ्या शिक्षणाचा उद्धार करत. माणूस कडू होता, पण काम त्याला येत होतं. म्हणूनच पुढचं मला आजही गिळता येत नाही.

मार्चअखेरीला माझी यादी कंट्रोलपेक्षा शहाऐंशी हजार पाचशेंनी कमी आली. नऊनं भाग जाईना. निम्म्या रकमेची नोंदही कुठे नव्हती. काकांनी बिलं तपासली, सगळी चढलेली होती. मग त्यांनी माझ्या वहीतली एकेक जमा रोकड आणि बँकेच्या पुस्तकाशी ताडून पाहिली आणि एका नोंदीवर बोट ठेवलं. एका वीटभट्टीवाल्याच्या खात्यात तेवढीच रक्कम जमा होती. अक्षर माझं. गल्ल्यात मात्र त्या पैशाचा पत्ता नाही, बँकेतही नाही.

"गिऱ्हाइकाच्या खात्यात जमा, आणि पैसे दुकानात आलेच नाहीत," काका शेठना म्हणाले. "मग गेले कुठे?"

मला लगेच आठवलं. हा भट्टीवाला आमच्याकडून सिमेंट न्यायचा आणि आम्ही त्याच्याकडून विटा घ्यायचो. पुतण्याने मला सांगितलं होतं, त्याचं येणं विटांच्या देण्यात वळतं कर. म्हणजे पैसे न देता-घेता दोन्हीकडून तेवढीच रक्कम कमी. मी माझ्या बाजूची नोंद केली होती.

"विटांत वळते आहेत ते," मी म्हटलं. "यांनीच सांगितलं होतं."

शेठनी पुतण्याकडे पाहिलं. त्याने मोबाइलवरून मान वर केली. "मला नाही आठवत."

त्याने शेठना न विचारता तो व्यवहार केला होता, हे मला नंतर कळलं. त्या क्षणी मला फक्त त्याचा सपाट चेहरा दिसला.

"मग त्यांच्या देण्याच्या खात्यांची यादी कंट्रोलशी लावून बघा," मी काकांना म्हणाले. "दोन्ही वह्यांत नोंद झाली आणि मुख्य हिशोबात राहिली असेल, तर तिकडेही एवढाच फरक येईल."

काका चष्मा पुसत राहिले. मी बरोबर बोलतेय हे त्यांना माझ्याआधी कळलं असणार. मुख्य हिशोबातली नोंद करायची त्यांच्याकडूनच राहून गेली होती. "देण्याचं जुळलेलं आहे," ते म्हणाले. ते कधीच जुळवलेलं नव्हतं. घरच्या माणसाची वही कोण तपासणार?

"भट्टीवाल्याला फोन करा ना," मी शेठना म्हटलं.

"गिऱ्हाइकासमोर दुकानाची अब्रू घालवू? तुझ्यासाठी?" त्यांनी माझी वही कपाटात घालून कुलूप लावलं. मला सुट्टी दिली नाही. काउंटरच्या कडेला स्टूलवर बसवलं. येणारा-जाणारा बघायचा, आणि हमाल मुद्दाम मोठ्याने म्हणायचे, "गल्ला सांभाळा रं."

दोन दिवसांनी त्यांनी माझ्या वडिलांना बोलावलं. भाताच्या गिरणीवरून तसेच आले होते ते, डोक्यावर कोंडा होता. शेठनी त्यांना खुर्ची दिली नाही. सगळं ऐकून ते माझ्याकडे वळले.

"घेतलंस का गं?"

"नाय, बाबा."

"मंग ह्ये साहेब खोटं बोलत्यात?"

मी हिशोब समजवायला लागले. येणं, देणं, वळतं. त्यांच्या डोळ्यांत काहीच उमटत नव्हतं, आणि काका शेजारी उभं राहून हसत होते. बाबांनी हात जोडले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "पोरीच्या कानातलं हाय, तिच्या आयचं. ते ठेवून घ्या. पोलिसात नका जाऊ." मी तिथेच कानांतले काढून टेबलावर ठेवले. पुतण्याने ते कागदावर ठेवून वजन केलं. काटा लोखंडी खिळे तोलायचा होता.

पुढच्या आठवड्यात खोपोलीहून ऑडिटवाल्या बाई आल्या. त्यांनी नेहमीच्या रीतीने दोन्ही याद्या मागितल्या. येण्याचा फरक त्यांना आधीच सांगितला होता, मी त्याचं कारण आहे हेही. त्यांनी देण्याची यादी घेतली, बेरीज केली, कंट्रोलशी लावली आणि कॅल्क्युलेटर शेठसमोर सरकवला. शहाऐंशी हजार पाचशे. तिथेही यादी कमी, कंट्रोल जास्त.

"दोन्हीकडे तोच आकडा," त्या म्हणाल्या. "चोरी झाली असती तर देण्याचं कशाला बिघडलं असतं? वळत्याची नोंद दोन्ही वह्यांत आहे, मुख्य हिशोबात नाही. देण्याच्या कंट्रोलला नावे टाका, येण्याच्या कंट्रोलला जमा."

काकांनी नोंद टाकली. "अरे, एवढंच होय!" म्हणून हसले. दोन्ही खाती जुळली.

शेठ माझी माफी मागतील असं मला वाटलं होतं. त्यांनी कानातले पुडीतून काढून माझ्याकडे टाकले. "वळत्याचं कारण नोंदीपुढे लिहिलं असतंस, तर हे झालंच नसतं. स्टूलवर बसलीस ते दिवस पगारात धरणार नाही." पुतण्याला कोणी काही विचारलं नाही. उरलेल्या पगारासाठी मला आणखी महिनाभर तिथे जावं लागलं. त्या महिन्यात गल्ल्याला हात लावायला मला मनाई होती, शेठच्या म्हणण्यानुसार गिऱ्हाइकांना बरं दिसावं म्हणून.

हिशोब जुळला त्या दिवशीच घरी जाऊन मी बाबांना सांगितलं, सापडलं, माझी चूक नव्हती. ते बैलाचा दोर वळत होते.

"मंग त्या दिशी नीट का नाय सांगितलंस?" ते म्हणाले. "सगळ्या गावात झालं ना."

मी कानातले आईकडे दिले. पुन्हा घालायला तिने सांगितलं नाही, आणि मीही मागितले नाहीत.