पोळ्याच्या दिवशीचा वखर

दौलतसिंग राठोडच्या तोंडी कायम एकच वाक्य असायचं, "साऱ्यायले माईत हाये." शेताचा धुरा, म्हणजे बांध, कुठवर आहे? साऱ्यायले माईत हाये. नळ कोणी तोडला? साऱ्यायले माईत हाये. मालेगावपासून जीपनं जायच्या त्याच्या तांड्यात हे चालून जायचं. तिथं माणसं मोजकी, आणि प्रत्येकाला प्रत्येकाचं सगळं खरोखरच माहीत असायचं.

मग राजपालनं त्याच्यावर फिर्याद केली.

राजपालची जमीन दौलतसिंगच्या धुऱ्याला लागून. माणूस रिसोडला राहायला, शेती ट्रॅक्टरवर. दावणीला बैल नाही, की गोठाच नाही. फिर्यादीत त्यानं लिहून दिलं की, बावीस ऑगस्टला सकाळी नऊ-दहाच्या सुमारास दौलतसिंगनं बैलजोडीला वखर जुंपला, सामाईक धुरा फोडला आणि आपलं उभं सोयाबीन मोडलं. दौलतसिंगच्या मते धुरा पावसानं खचला होता. पण शिक्षा झाली असती तर दंडावर भागलं नसतं. धुरा फोडणारा म्हणून त्याचं नाव सरकारी कागदावर चढलं असतं, आणि उद्या मोजणी आली की राजपालनं तोच कागद पुढं करून धुरा आत सरकवला असता.

मालेगावच्या कोर्टात राजपाल साक्षीला उभा राहिला. दौलतसिंगचे वकील सतीश इंगोले सावकाश उठले.

"वखर होता की नांगर?"

"वखर."

"बैल कोणाचे?"

"याचेच. एक पांढरा, एक बांडा. म्या माह्या डोयानं पाह्यले."

"तारीख नक्की?"

"बावीस ऑगस्ट. शंभर टक्के."

"त्या दिवशी काय होतं?"

राजपालनं विचार केला. "शुक्रवार होता."

मागच्या बाकावर हसू फुटलं. शिपायानं डोळे वटारले. ज्याच्या दारात बैल आहे तो माणूस पोळा विसरत नाही. ज्याच्या दारात ट्रॅक्टर आहे त्याला शुक्रवार आठवतो. दौलतसिंग आरोपीच्या जागेवरूनच ओरडला, "मॅडम, त्या दिशी पोळा होता! पोळ्याले बैल कोनी जुंपते का? साऱ्यायले माईत हाये!"

"तुमच्या वकिलांना बोलू द्या," न्यायाधीश मॅडम शांतपणे म्हणाल्या. त्या रत्नागिरीकडच्या, इथं बदलून येऊन फार दिवस झाले नव्हते.

इंगोल्यांनी अर्ज दिला. बावीस ऑगस्टला पिठोरी अमावास्या म्हणजे पोळा होता, आणि पोळ्याला बैल जुंपत नाहीत, या दोन्ही गोष्टींची कोर्टानं न्यायिक दखल घ्यावी, पुरावा मागू नये.

"पहिल्या गोष्टीसाठी पंचांग आणलंय?" मॅडमनी विचारलं.

पंचांग आणलं नव्हतं. म्हणजे पुढची तारीख. दौलतसिंग बाहेर येऊन वकिलावर चिडला. "अमावास्या पन शाबीत करा लागते का आता? चंद्राले साक्षीले आनू?"

"शाबीत नाही करायची, दाखवायची," इंगोले म्हणाले. "तिथी, वार, कायदा, देशाची हद्द, अशा गोष्टींना साक्षीदार लागत नाही. पुस्तक उघडलं की कोणालाही खात्री करता येते, त्यावर भांडण होऊच शकत नाही. पण कोर्ट म्हणू शकतं, पुस्तक आणा. ते आपण आणायचं."

पुढच्या तारखेला पंचांग टेबलावर गेलं. मॅडमनी पान पाहिलं, सरकारी वकिलांना दाखवलं. "अमावास्या मान्य आहे. पोळाही मान्य," सरकारी वकील म्हणाले. "पण आरोपीनं बैल जुंपले नाहीत, हे मान्य नाही."

मॅडमनी पहिली गोष्ट नोंदवून घेतली. दुसरीला नकार दिला. दौलतसिंगच्या कपाळावरची शीर उडायला लागली, तेव्हा त्यांनी त्याच्याकडे पाहून साध्या मराठीत सांगितलं.

"या भागात पोळ्याला बैल जुंपत नाहीत, असं मीही इथं आल्यावर ऐकलंय. पण मी ऐकलेलं मी पुरावा म्हणून वापरू शकत नाही. तसं करायचं तर मला साक्षीदार व्हावं लागेल, मला उलटतपासणी द्यावी लागेल. मग ही केस मी चालवायची कशी? आणि रीत असली तरी त्या सकाळी तुमचे बैल कुठं होते, हे कुठल्याच पुस्तकात नाही. ज्यानं पाहिलं त्यानं इथं येऊन सांगायचं."

"सारा तांडा सांगन!"

"सारा तांडा नको. एक माणूस आणा."

इथंच गोम होती. घरी त्याच्या बायकोनं, नानीबाईनं, भाकर वाढता वाढता विचारलं, "कोनाले नेता मंग?"

दौलतसिंग एकेक नाव घेत गेला. एकाला नळावरून मारायला धावला होता. दुसऱ्याच्या पोराला भर लग्नात चोर म्हणाला होता. तिसरा त्याचा मेव्हणा. त्याच्या साक्षीला कोण विचारतो?

"हरिसिंग नायकाकडे जा," नानीबाई म्हणाली. "त्या सकाळी नाल्यावर तुमच्या बाजूले तोच तर होता."

"मी? त्याच्या दारात?"

"नाई तर धुरा देऊन टाका राजपालले. मले काय."

त्या पोळ्याच्या सकाळी नाल्यावर बैल धुताना दोघांची पाळीवरून जुंपली होती. हरिसिंगचा एक बैल म्हातारा, लंगडा. साऱ्या तांड्यादेखत दौलतसिंग म्हणाला होता, "पयले तुही बकरी धुवून घे, मंग आमचे बैल येतीन." तेव्हापासून नायकानं, तांड्याच्या प्रमुखानं, त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. तो बैल पुढं दिवाळीपर्यंतही जगला नाही.

दौलतसिंग गेला. हरिसिंग ओट्यावर सुपारी कातरत होता. बस म्हणाला नाही.

"तुले साक्षीले या लागते," दौलतसिंग उभ्यानंच म्हणाला.

"काहून? तुह्या साऱ्यायले माईत हाये ना?"

दौलतसिंगनं ओठ आवळले. "कोर्टाले माईत नाई."

नायकानं हो म्हटलं नाही, नाही पण म्हटलं नाही.

तारखेला तो आला. वेगळ्या जीपनं, धुतलेल्या धोतरात. इंगोल्यांनी विचारलं तेवढंच त्यानं सांगितलं. आदल्या सांजेला बैलांच्या खांद्याला हळद-तूप लावलं की पोळा होईस्तोवर त्या खांद्यावर जू ठेवत नाहीत. त्या सकाळी आठ वाजल्यापासून दुपारपर्यंत दौलतसिंगची जोडी नाल्यावर होती.

सरकारी वकील उठले. "आरोपी तुमच्या तांड्याचा, तुमच्या जातीचा. म्हणून त्याला वाचवायला आलात."

"याले?" हरिसिंगनं पहिल्यांदा दौलतसिंगकडे पाहिलं. "मी याच्यासंग बोलत नाई, सायेब."

"का बोलत नाही?"

हा प्रश्न सरकारी वकिलांनी विचारायला नको होता. हरिसिंगनं सगळं सांगितलं. पाळी, शिवी, बकरी, कोण कोण हसलं, सगळं. मॅडम खाली बघून लिहून घेत होत्या. दौलतसिंगला वाचवणारं प्रत्येक वाक्य त्याची लाज काढत होतं, आणि त्याला मधे बोलता येत नव्हतं. त्या वेळी तो शेतात नव्हता, कारण तो नाल्यावर माणसाचा अपमान करत होता.

निकालात संशयाचा फायदा देऊन दौलतसिंग सुटला. राजपाल मोटारसायकलला किक मारून कोणाकडे न बघता निघून गेला.

स्टँडवर तांड्याची जीप भरत होती. हरिसिंग बाजूला उभा होता. दौलतसिंग जवळ गेला.

"तुह्यामुळं वाचलो नायक."

"तुह्यासाठी नाई आलो. पोळ्याले आपल्या तांड्यात वखर चालला असं कागदावर राह्यलं असतं. ते मले सहन झालं नसतं."

दौलतसिंगनं आवाज खाली केला. "त्या दिशी नाल्यावर... चुकलं माहं."

"हे इथं काहून सांगून राह्यला, कानात? बोलला तवा सारा तांडा होता." नायकानं जीपकडं हात केला. आत दाटीवाटीनं बसलेली तांड्याची माणसं, एका बाईच्या मांडीवर सामानाची पिशवी. "तिथं सांग."

दौलतसिंगनं टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. तो जीपच्या मागच्या दारात गेला, दांडी धरली, आणि वर न चढता तिथूनच मोठ्यानं बोलायला लागला.