उत्तरतालिका माझ्याकडंच राहिली

काळ गेला की राग उतरतो म्हणतात. माझा उतरलेला नाही, आणि तो उतरावा अशी माझी इच्छाही नाही.

पोलीस भरतीची सराव परीक्षा आम्ही दोघं मोबाइलच्या चॅनलवर विकायचो. म्हणजे प्रश्न मी काढायचो आणि भागीदार जाहिरात करायचा. शहरातल्या औरंगपुऱ्यात एका अभ्यासिकेच्या खाली त्याचं फ्लेक्सचं दुकान होतं, त्यामुळं गिऱ्हाईक जिन्यावरूनच उतरून यायचं. फी भरली की खासगी चॅनलची लिंक. रविवारी सकाळी मी पेपर टाकायचो, पोरं घड्याळ लावून सोडवायची आणि संध्याकाळी मी उत्तरतालिका टाकायचो. उत्तरं आधी दिली की पोरं आधी उत्तरंच बघतात. म्हणून तोवर ती फक्त माझ्या फोनमध्ये असायची.

चॅनल मात्र त्याच्या नंबरवर उघडलेलं. मालक तो, मी नुसता अ‍ॅडमिन. प्रश्न माझे आहेत, मग मला कोण हात लावतो, अशी माझी समजूत होती.

भरती जवळ आली तसं त्यानं नवीन पोस्टर केलं: ‘परीक्षेत हेच प्रश्न येणार!’ मी दुकानात जाऊन म्हटलं, हे खोटं आहे.

“जाहिरात हाये ती,” तो मान वर न करता म्हणाला. “लोकायला कळतं.”

“कळत नाही. फुलंब्रीहून एसटीनं येणारी पोरगी हे खरं धरते.”

“मंग धरू दे की. तुझं काय जायलंय?”

माझं नाव जात होतं. त्या रविवारी पेपर टाकला आणि खाली लिहिलं, ‘हे प्रश्न सरावाचे आहेत. खऱ्या पेपरात काय येईल ते मलाही माहीत नाही.’ थोड्याच वेळात तो मजकूर गायब झाला. पाठोपाठ मीही. साहेबांनी मला चॅनलवरून काढून टाकलं होतं.

पण अतिशहाण्याला एक गोष्ट सुचली नाही. पेपर गेला होता, उत्तरतालिका जायची होती. संध्याकाळी त्याचा फोन आला.

“तेवढी आन्सर की पाठवून दे. पोरं बोंबलायलेत.”

“माणूस काढलास ना? मग सोडव आता.”

स्वतः एक प्रश्न सोडवायची त्याची लायकी नव्हती. त्यानं मोबाइलमधल्या एआयला पेपर चारला आणि आलेली उत्तरं तशीच चॅनलवर टाकली. मी विचारलं होतं, आईच्या एकुलत्या भावाचा मुलगा आपला कोण? त्यानं छापलं, चुलतभाऊ. मामाचं पोरगं चुलत करून ठेवलं गड्यानं. एका पोरानं मला फोटो पाठवला तेव्हा मी पोटभर हसलो. फार बरं वाटलं.

लगेच मी माझ्या नंबरवर नवीन चॅनल उघडलं आणि ओळखीच्या पोरांना कळवलं, खरी उत्तरतालिका इथंच मिळेल. उत्तरांसाठी सगळे इकडं आले की त्याचं दुकान बसणार होतं आणि सराव परीक्षेचा धंदा माझा होणार होता. पहिली आली ती फुलंब्रीचीच पोरगी. तिच्याकडून मी कधी फी घेतली नव्हती. तिच्या चुका मी रोज अभ्यासिकेत बसून तपासायचो. फॉरवर्ड आणि स्क्रीनशॉट दोन्ही बंद करून मी उत्तरं टाकली, आणि वाट बघत बसलो.

आणखी चार-पाच जण आले. मग येणं थांबलं. थोड्या वेळानं त्याच पोरानं आणखी एक फोटो पाठवला. भागीदाराच्या चॅनलवर माझी उत्तरं झळकत होती, वर ‘आमच्या तज्ज्ञ टीमची सुधारित उत्तरतालिका’. कुणीतरी ती वहीच्या पानावर हातानं उतरवून दिली होती. ते अक्षर मी ओळखलं.

दुसऱ्या दिवशी अभ्यासिकेत फुलंब्रीच्या पोरीसमोर फोन धरला.

“हे तू दिलंस?”

“व्हय सर.”

“त्या हरामखोराला?”

“आमच्या गावच्या पोरी तिथंच हायेत सर. फी भरून बसल्यात. चुकीचं पाठ करून परीक्षेला गेल्या असत्या.”

“त्यांना इकडं आणायचं होतंस.”

 ती म्हणाली, “भांडण तुमचं दोघायचं हाये सर. आमाला कशाला मधी ठिवायलात?”

आजूबाजूची पोरं वह्यांत मान घालून ऐकत होती.  तिनं तिचा सोडवलेला पेपर माझ्याकडं सरकवला, नेहमीसारखा, तपासायला. मी तो परत सरकवला, फोन हातात घेतला आणि तिच्या डोळ्यांदेखत तिला चॅनलवरून काढलं. इथं मालक मी होतो.