कोपरा आधी काढावा

अकोल्याच्या त्या बाईनं माहे कागद एकएक करून पाहाले अन् एकएक करून उलटे ठेवले. मले तवाच समजलं.

जठारपेठेतल्या एका दुकानात ती भरतकामाचा क्लास घ्यायची. दुकानात उशीचे अभ्रे, टेबलावरचे रुमाल, निळ्या रेघांची नक्षी छापून मिळायचे. बायका घेऊन जायच्या अन् घरी रंगीत दोऱ्यानं भरायच्या. छापाले नक्षी कोन्ती इकत घ्यायची अन् कोन्ती नाई, हे दुकानवाला नाई, ही बाईच ठरवायची. मी अमरावतीहून निघाली, बडनेऱ्याले गाडी बदलली, अन् साडीच्या खोक्याच्या दोन पुठ्ठ्यांत माही सारी नक्षी नाड्यानं बांधून तिच्यासमोर नेऊन ठेवली.

"तुमी रांगोळी काढता का वं बाई?" तिनं इचारलं.

"काढतो ना."

"दिसतेच. साऱ्या नक्षीत ठिपके दिसून राहिले. आधी मधात फूल, मंग चहूकडं वाढवत नेलं. आंगनात चालते हे. उशीच्या मधात मानूस डोकं ठेवते. फूल डोक्याखाली, अन् लोकाइले दिसते काय? कोपरे. तुमच्या कोपऱ्यात पाहा, वेल येते अन् तुटते. एका बाजूची दुसऱ्या बाजूले भेटतच नाई."

मी पाहालं. खरंच भेटत नव्हती.

"पाकळ्या इतक्या दाटीनं काढल्या, की सुईले जागा नाई. दोऱ्यावर दोरा चढंन अन् कापड आकसंन. अन् हे येवढालं फूल! येवढा लांब टाका घातला तर दोरा लोंबंन. बांगडीत अडकला का गेलं." मंग पुठ्ठा माह्याकडं सरकवला. "हात चांगला आहे तुमचा. पन हे छापता येत नाई. सुदरवून धाडसान तर पाहीन."

मी "बरं" म्हनलं. गाडीत खिडकीपासी बसली. मुर्तिजापूर येईलोक पुठ्ठा मांडीवर तसाच होता. शेजारची बाई म्हने, "काय आहे वं त्याच्यात?" म्हनलं, "कागद."

आता माही गत सांगतो. मालक कापसाच्या जिनात कामाले होते. दोन दिवसांच्या तापात गेले. लेकरूबाळ नाई. एक खोली होती भाड्याची, ती बी दुसऱ्याच्या घरी पोळ्या लाटून टिकवली. पोळ्या लाटून मनगट सुजलं, तवा दीर आला. मानूस वाईट नव्हता. म्हने, "वयनी, खेड्यावर चाल. एकटी बाई शहरात काय करते? पाडव्याले गाडी घेऊन येतो, सामान बांधून ठेवजो." त्याच्या घरी खाटलं मिळालं असतं, भाकर मिळाली असती. पन दाराले आतून लावाची कडी माही नसती. एवढंच होतं. अकोल्याचं काम लागलं तर खोली राह्यते, नाई तर पाडव्याले गाडीत बसाचं.

शेजारी वकिलीनबाई होत्या. चांगल्या शिकलेल्या. त्यायले सांगतलं तर त्या भडकल्याच.

"तुम्ही ऐकून कसं घेतलंत हो? मी लिहून देते पत्र. तिला म्हणावं, अमरावतीत पन्नास बायका तुमची नक्षी मागून नेतात. आणि मोठं फूल तर भरायचंच नाही, नुसता कडेनं साखळीचा टाका घालायचा, एवढंही तिला कळत नाही? कसली शिकवते ही!"

त्यायनं पत्र लिवलं, वाचून दाखवलं. ऐकाले लय गोड लागलं, खोटं काहून बोलू. कोनीतरी माह्याकून भांडून राहिलं, असं लय वर्सात झालं नव्हतं. ते पत्र घेऊन मी खोलीत आली अन् पुठ्ठा सोडला.

वेल तुटली होती. पत्रानं काई ती जुळत नव्हती.

मोठ्या फुलाचं वकिलीनबाईचं बरोबर होतं, ते साखळीचंच होतं. पन तसं कागदावर कुठी होतं? माह्या डोक्यात होतं. अकोल्याच्या बाईनं माह्या डोक्यात कसं पाहावं? कागद दुकानात गेला का मी त्याच्यासंगं थोडीच जातो सांगाले.

मंग मी उलटं काढाले घेतलं. आधी चारी कोपरे. एका कोपऱ्यात वेलीचं वळन बसवलं, तेच बाकी तिनात उतरवलं, अन् दोनी बाजूंनं वेल दोन कोपऱ्यांच्या मधात आनली. मधात जिथं भेटली तिथं एक पान घातलं, म्हनजे सांधा दिसत नाई. ठिपके घातलेच नाईत. हात सारखा ठिपके शोधे. पाकळ्याइत सुई फिरंन येवढी फट ठेवली. मंग तेलकट कागदावर उतरवून रेघेरेघेनं सुईनं टोचलं, राकेलात नीळ कालवून बोळ्यानं वरून घासलं, अन् खाली ठेवलेल्या जुन्या धोतराच्या तुकड्यावर भोकांतून उतरलेला छाप पाहाला. पयला फिसकटला, राकेल जास्त झालं. दुसरा उमटला. त्या दिवसाइत मी कोनासंगं बोलली असंन, तर दूधवाल्यासंगं. तेबी "आज नको" येवढंच.

मोठं फूल टाकून द्यावं का, हा इचार लय केला. टाकलं नाई. धोतराच्या तुकड्यावर ते कडेनं साखळीनं शिवलं अन् कागदाले टाचलं.

पत्र मीच लिवलं. चौथीलोक शाळा, अक्षर कोंबड्याच्या पायाचं. लिवलं ते असं:

"बाईले नमस्कार. कोपऱ्याचं तुमी सांगतलं ते बरोबर होतं. आता कोपरा आधी काढला. पाकळ्या सुट्या केल्या. मोठं फूल भराचं नाई, कडेनं साखळी घालाची आहे, पन ते मी कागदावर लिवलं नव्हतं. आता हरेक नक्षीखाली टाका लिवला. एक फूल शिवून लावलं आहे, ते वढून पाहा. नाई पटलं तर तेवढं काढून टाका, बाकीचं पाहा."

वकिलीनबाईनं वाचलं. म्हने, "अहो, हे तर तुम्ही सगळंच कबूल केलंत. स्वतःची बाजू काही मांडलीच नाही."

म्हनलं, "माही बाजू त्या तुकड्यावर आहे."

त्या जरा रागावल्या. दोन-चार दिवस बोलल्या नाईत. तेवढं एक बोलाचं घर होतं, तेबी बंद झालं.

पोस्टमन गल्लीत आला का मी दारात उभी राहू. तो मान बी वर करे नाई. पाडवा जवळ आला तसं भांडे पोत्यात भरले. पोळीचा तवा अन् चहा उकळाचा एक गंज बाहेर ठेवला.

मंग कारड आलं. उभं राहूनच वाचलं, एकेक अक्षर लावत. "तीन नक्षी ठेवल्या. मोठे फूल ओढून पाहिले, टिकते, ते ठेवले. जाईची वेल अजून दाट आहे, परत धाडते. पुढच्या महिन्यात रुमालाच्या चार नक्षी आणा. खाली टाका लिहिता तसेच लिहा."

वकिलीनबाईच्या दाराले कुलूप होतं, त्या माहेरी गेल्या होत्या. मी कारड घेऊन तशीच माघारी आली.

पाडव्याले दीर आला. पोतं पाहून म्हने, "बांधून ठेवलं ना? चाल मंग, बैलं उन्हात हायेत."

"मी नाई येत, भाऊजी. काम लागलं."

"काम? कायचं?"

"कागदावर फुलं काढाची."

तो हासला. "फुलं! अन् दुखनंखुपनं आलं तर कोन पाहीन तुले?"

मी गंज चुलीवर ठेवला. म्हनलं, "चहा घ्या."

त्यानं चहा घेतला, थोडा वेळ बसला, अन् रिकामी गाडी घेऊन गेला. मी दाराले आतून कडी लावली, पोतं सोडलं, भांडे फळीवर लावले. मंग परत आलेली जाईची वेल नव्यानं काढाले बसली. ती खरंच दाट होती.