लिहिला म्हटलंच नाही

मालेगावात कूलर-फ्रीज दुरुस्त करणाऱ्या मोईनले एका क्रिकेट मॅचच्या रात्री तीन हजारांच्या सट्ट्यानं गिळलं.

फोनवर सट्टा उतरवून घेणारा राजपाल त्याचा शाळेतला दोस्त, आता एका बुकीच्या पगारावर. त्यानं भाव दिला, "सहा ओव्हर, सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस." म्हणजे 'हो' म्हणणाऱ्याले अठ्ठेचाळीस रन पाहिजेत, 'नाही'वाल्याले सत्तेचाळीसहून कमी. मोईननं 'हो' म्हणून तीन हजार लावले. राजपालनं आकडा परत म्हटला अन् "लिहिला" म्हणाला. बुकीचा माणूस लिहिला म्हणेल तेव्हाच सौदा पक्का.

रन झाले बरोबर सत्तेचाळीस. 'हो'वाले गेले, 'नाही'वालेही गेले. दोन्हीकडचा पैसा बुकीच्या घरात.

"एका रननं रे!" मोईन कळवळला. गेलेले काढायचे म्हणून दहा ओव्हरले सहा हजार. गेले. पंधरा ओव्हरले बारा. तेही गेले. एकवीस हजार बुडाले.

हे सगळं भरायले घरात चाळीस हजारच होते. फरहीनचे. पिको-फॉलच्या मशीनसाठी तिनं ब्लाऊज शिवून शिवून जमवलेले. ती आत झोपली होती. मोईननं दबक्या आवाजात शेवटचा फोन लावला.

"वीस ओव्हर काय भाव?"

"एकशे एकाहत्तर-बहात्तर."

"हो. चोवीस हजार." उरले होते त्याहून पाच हजार जास्त.

"एकशे बहात्तर, हो, चोवीस हजार…" राजपाल म्हणाला अन् थांबला. मागं दुसरे फोन वाजत होते. "मोईन, तुया आवाज कापून राह्यला. पैसा कोणाचा आहे?"

"तुले काय करायचं? लिही ना लेका!"

फोन कटला. मग उचललाच गेला नाही.

रन झाले एकशे शहात्तर.

सकाळी मोईन राजपालच्या दारात उभा. "मालकाचे चोवीस हजार वाचवले काय बे? जितलो होतो मी!"

"ओव्हर बाकी होत्या तवा कापला फोन. मले काय सपन पडलं होतं?" राजपाल दात घासता घासता म्हणाला. "जितला असता त आज रातच्याले पन्नास हजारांचा आकडा घेऊन आला असता. सांग, नसता आला?"

मोईन तसाच मागं फिरला. पन्नास नाही, साठ त्याच्या मनात आले होते.

घरी जाऊन त्यानं फरहीनले सगळं सांगितलं. तिनं उरलेले पैसे काढून दोनदा मोजले. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "एकोणीस उरले ते त्या राजपालभाईमुळे. त्यांच्या घरी शिरखुर्मा पाठवत जाजो."

एकवीस हजार भरून काढायले मोईनले अख्खा उन्हाळा लागला, दुसऱ्यांच्या कूलरच्या मोटरींची वाइंडिंग भरून भरून. फोन फक्त गिऱ्हाइकांचे घेतले. मशीन आली. आता दुपारभर तिचा आवाज दुकानापर्यंत येतो, अन् मोईनले तो गोड लागतो.

परवा राजपालचा कूलर दुरुस्तीले आला. पंप बदलला, खस नवी टाकली.

"किती झाले?" राजपालनं खिशात हात घातला.

मोईन पाना पुसत राहिला.

"अबे, आकडा त सांग!"

"तुया आवाज कापून राह्यला," मोईन म्हणाला अन् पैसे न घेताच कूलर ऑटोत चढवून दिला.