चिंधी बांधलेला नळ

आमच्याकडं नळाला आठव्या दिवशी पाणी येतं. उस्मानपुऱ्यात पाण्यावरनं भांडली नाही अशी बाई दाखवा मला! मी तर गल्लीत भांडखोर म्हणूनच ठाऊक. पण दोन उन्हाळ्यांमागं मी भांडले ते नको त्या माणसाशी.

गच्चीवरची हजार लिटरची टाकी सहाव्या दिवशीच कोरडी पडायला लागली. घरात आम्ही तिघं, आणि खालच्या खोलीत भाड्यानं राहणाऱ्या मावशी. एकट्याच, दवाखान्यात आयाचं काम. ड्यूटीवरनं आल्या की अंघोळ करायच्या. झालं, मी ठरवूनच टाकलं. तोंडावर म्हणाले, "मावशी, तुमच्या अंघोळीपायी आम्ही कोरडं राहायचं का? महिनाअखेर दुसरी खोली बघा." त्या आत गेल्या.

लेक तेव्हा सातवीत. शाळेनं प्रकल्प दिलेला, घरातलं पाणी वाचवा. पाणी येऊन टाकी भरली तशी ती मोरीतल्या गळक्या नळाशी जाऊन बसली. टपटप डोक्यात जाते म्हणून मीच त्याला चिंधी बांधून टोक जाळीत सोडलं होतं. आवाज बंद म्हणजे गळणं बंद, असं समजणारी मी शहाणी! पोरीनं चिंधी सोडली, खाली मापाचा पेला धरला. दहा मिनिटांत पाव लिटर. म्हणजे तासाला दीड, दिवसाला छत्तीस, आठ दिवसांत दोनशे अठ्ठ्याऐंशी लिटर.

"आई, पाव टाकीच्या वर गेलं गं."

मी पान्हा शोधायला उठले.

तिनं टाकीखालचा व्हॉल्व्ह बंद केला, नळ उघडून पाइपातलं पाणी बादलीत घेतलं. मी पान्ह्यानं नळाची मुंडी सोडवली. आतला रबरी वायसर झिजून त्याला खाच पडली होती. त्याच मापाचा नवा आणून बसवला, गळती थांबली. धुण्याचं शेवटचं पाणी संडासाला वापरायचं, हेही तिनंच लावून दिलं.

"आता मावशींना सांग ना," ती रोज म्हणायची. मी म्हणायची, आठ दिवस टाकी पुरते का बघू, मग सांगते. खरं तर जीभ उचलत नव्हती.

आठव्या दिवशी टाकीच्या तळाला वीतभर पाणी उरलं होतं. मी खाली धावले. दारात टेम्पो उभा, मावशी भांडी चढवत होत्या.

"मावशी, माझी चूक झाली. नळच गळत होता. जाऊ नका."

"चितेगावला खोली घेतली, शब्द दिलाय," त्या म्हणाल्या. "तुम्ही बोललात तेव्हापासून मी दवाखान्यातच अंघोळ करते. त्याआधी एक बादली लागायची. एकदा विचारलं असतं तर सांगितलं असतं, बाई."

मला रडूच कोसळलं. टेम्पो गेला.

लेक पायरीवर वही उघडून बसली होती, पालकांच्या सहीसाठी. वाचलेलं पाणी तिनं लिटरमध्ये लिहिलं होतं.

"आई, मावशी गेल्या ते कुठं लिहू?"

मी नुसती सही केली.